चार नंबरचं पान

इस्माईल मुजावरने माझा कागद वाचला, त्यावर चहाचा ग्लास ठेवला आणि विचारलं, "साहेब, हे कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? बिरांजे मामांचं. शनिवारी निरोप समारंभ नाही का त्यांचा?"

"नाव मामांचं हाय, ते दिसलं. पण गेल्या महिन्यात शेळक्यांना पण हेच होतं. कर्तव्यदक्ष, शिस्तप्रिय, मनमिळाऊ." ग्लास उचलून त्याने एक घोट घेतला. "शेळके मनमिळाऊ?"

शेळके शेजारच्या मशीनवरच्या माणसाशी नऊ वर्षं बोलला नव्हता.

ही २००९ सालची गोष्ट. कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत मी कार्मिक विभागात होतो. कामगार निवृत्त झाला की कँटीनमध्ये कार्यक्रम व्हायचा. कारखान्याचे मॅनेजर गद्रे साहेब शाल-श्रीफळ द्यायचे आणि भाषण मी करायचो. भाषण म्हणजे एकच कागद होता, त्यात नाव, तिकीट नंबर आणि वर्षं तेवढी बदलायची. आठ वर्षांत तो मी तीसेक वेळा वाचला असेन. मागच्या बाकावरची पोरं माझ्याबरोबर ओठ हलवत तो म्हणायची, हे मला माहीत होतं. मला त्याचं काही वाटत नव्हतं, खरं सांगायचं तर थोडा अभिमानच होता.

पण गणपती बिरांजे, म्हणजे सगळ्या कारखान्याचे मामा, यांची गोष्ट वेगळी होती. ओतून थंड झालेलं बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, प्रत्येक काम ट्रकमध्ये चढायच्या आधी त्यांच्या हाताखालून जायचं. ते छोट्या हातोडीने त्यावर टकटक करायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. खणखणीत वाजलं तर ते चांगलं, बद्द वाजलं तर आत कुठेतरी तडा. चांगल्यावर पांढऱ्या रंगाने चंद्रकोर काढायची, तडकलेल्यावर लाल फुली. छत्तीस वर्षं त्यांनी हे केलं. मुजावर साचे बांधायचा, म्हणजे त्याने केलेलं काम मामा वाजवायचे, आणि त्याच्या इतक्या कामांवर त्यांनी लाल फुल्या मारल्या होत्या की दोघांची घट्ट दोस्ती झाली होती.

"मग काय लिहू?" मी विचारलं.

"प्रत्येक शब्दाला इचारा, कधी? आणि कुठं? ज्याला सांगता येत न्हाई, तो शब्द काढायचा."

दुपारी मी पेन्सिल घेऊन बसलो. कर्तव्यदक्ष. कधी? सांगता येईना. काट मारली. मनमिळाऊ. कुठं? काट. संस्थेच्या जडणघडणीत मोलाचा वाटा. काट. शेवटी अख्ख्या कागदावर मामांचं नाव, तिकीट नंबर आणि रुजू झाल्याची तारीख एवढंच उरलं. आठ वर्षं मी किती हवा वाचत होतो ते त्या दिवशी कळलं आणि माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून चहाच्या सुट्टीत वही घेऊन हिंडायला लागलो. सुरुवातीला विचारायचो, मामा माणूस म्हणून कसे आहेत? सगळे उत्तर द्यायचे, लई चांगले. वहीत लिहिण्यासारखं काहीच मिळेना. मुजावरने मला बाजूला घेतलं. असं विचारलं की माणूस देवळात उभा राहिल्यासारखं बोलतो, म्हणाला. त्यांना विचारा, मामांनी तुला शेवटचं कधी झापलं? ते विचारलं आणि लोक बोलायला लागले. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी थांबेनात.

कँटीनच्या बायाक्कांनी सांगितलं की मामा भाकरीसुद्धा वाजवून घ्यायचे. एकदा कच्ची लागली तर काही न बोलता चटणीच्या बोटाने तिच्यावर लाल फुली मारून ताट परत पाठवलं. बायाक्का चार दिवस रागावल्या होत्या. पाचव्या दिवशी भाकरी खिडकीतून परत आली तेव्हा तिच्यावर मिठाची चंद्रकोर होती.

तपासणी विभागातल्या पोराने यंत्राची गोष्ट सांगितली. तडे शोधणारं नवं यंत्र आलं तेव्हा चाळीस नग आधी त्याच्यावर आणि मग मामांकडे ठेवले. यंत्राला सात सापडले, मामांना सहा. सगळ्यांना वाटलं मामा नाराज होणार. मामा यंत्राभोवती एक फेरी मारून आले, वाकले, त्याच्या बीडाच्या पायावर टकटक केली आणि पायावर लाल फुली मारली. "यंत्र हुशार हाय," म्हणाले, "पण लंगडं हाय." पाय खरंच तडकलेला निघाला.

आणि मुजावरची स्वतःची गोष्ट. मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला मामा त्याला बरोबर घेऊन गेले होते. दुकानात सतरा कळशा वाजवल्या, सोळा बाजूला ठेवल्या. दुकानदार हात जोडून म्हणाला, मामा, तुम्ही तुमच्या कारखान्यातच ओतून घ्या.

गोष्टी पुष्कळ जमल्या. मग त्या निवडायचं काम आलं आणि खरी मेहनत तिथे होती. प्रत्येक गोष्टीला आम्ही दोन प्रश्न लावले. हे ऐकून मामा स्वतः हसतील का? आणि मामी आणि जावई समोर बसलेले असताना सांगता येईल का? गगनबावड्याच्या सहलीची गोष्ट पहिल्या प्रश्नात पास झाली, दुसऱ्यात नापास. नुसती फजिती असलेल्या गोष्टी काढल्या. ज्या फजितीतून त्यांचा कान आणि त्यांची सचोटी दिसते त्याच ठेवल्या. ज्याची गोष्ट त्याचं नाव घ्यायचं ठरलं, म्हणजे भाषण एकट्या माझं राहणार नाही. सुरुवातीचं 'व्यासपीठावरील मान्यवर' काढून थेट भाकरीवरून सुरू करायचं. शाल, सेवा, वर्षं हे एका वाक्यात संपवायचं. शेवटी कागद खाली ठेवायचा आणि श्रोत्यांशी नाही, मामांशी बोलायचं. मी सामानाच्या खोलीत मुजावरपुढे मोठ्याने वाचून बघत होतो. कागदावर चांगली दिसणारी लांब वाक्यं तोंडात अडकत होती, ती तोडली. हसू येईल तिथे थांबायला शिकलो. सगळं मिळून आठ मिनिटं झाली.

"आता दोन गोष्टी राहिल्या," मुजावर म्हणाला. "एक, बोलणाऱ्यानं आधी स्वतःवर हसू घ्यायला पायजे. दुसऱ्यांच्याच टोप्या उडवत बसला तर बरं दिसत न्हाई. तुमची आणि मामांची एक घाला."

"आणि दुसरी?"

"पुण्याची गाडी. ती न्हाई घातली तर लोक जेवायला बसणार न्हाईत."

पुण्याची गाडी म्हणजे आमच्या कारखान्यातला सगळ्यात जुना विनोद. १९९३ साली मामांनी पास केलेला पंपांच्या कामांचा एक ट्रक पुण्याच्या गिऱ्हाइकाने जसाच्या तसा परत पाठवला होता. शंभर टक्के कानाचा माणूस, आणि त्याच्या चंद्रकोरी असलेले अकरा नग तडकलेले निघाले. गाडी पुणं बघून आली, असं लोक म्हणायचे. तेव्हापासून कारखान्यात कुणाचीही चूक झाली, भाजीत मीठ राहिलं तरी, 'पुण्याची गाडी झाली' असं म्हणायची पद्धत पडली होती. मामांसमोर म्हणायचे आणि मामाही हसायचे. त्या गाडीपायी त्यांना मेमो मिळाला आणि चार्जहँडची, म्हणजे मुकादमाची, बढती गेली, ती पुन्हा आली नाही, हे मात्र विनोदात कुणी सांगत नसे.

मुजावरला दोन वेगवेगळ्या गोष्टी हव्या होत्या. त्या दोन नव्हत्याच. मामांची आणि माझी म्हणावी अशी एकच गोष्ट होती आणि ती पुण्याची गाडी होती.

१९९३ साली मी माल पाठवण्याच्या खात्यात कारकून होतो, नोकरी पक्की व्हायला दोन महिने बाकी होते. त्या दिवशी शहाण्णव नग जायचे होते. अठ्ठावन्न वाजवून झाले आणि मामांना घरून निरोप आला की मुलीला ताप चढलाय. जाताना मला म्हणाले, राहिलेले उद्या सकाळी बघतो, गाडी थांबवा. मी मान हलवली. पण मला चारच्या गाडीने सांगलीला जायचं होतं, मुलगी बघायला. ट्रक थांबवायचा तर कागद बदलून वरची परवानगी घेईपर्यंत संध्याकाळ झाली असती. मामांचा रंगाचा डबा तिथेच होता. मी ब्रश घेतला आणि राहिलेल्या अडतीस नगांवर स्वतःच चंद्रकोरी काढल्या. आयुष्यात मामांच्या हातून कधी काही चुकत नाही, मग त्यांनी न बघितलेल्या मालातही काय चुकणार, असा काहीतरी हिशेब मी मनात केला होता.

गाडी परत आली तेव्हा मामा त्या अकरा नगांसमोर उभे राहिले. हातोडी ते उजव्या हातात धरायचे म्हणून ब्रश नेहमी डाव्या हातात असायचा. माझा उजवा. त्यामुळे माझ्या सगळ्या चंद्रकोरी उलट्या तोंडाच्या होत्या. त्यांनी एकेक नग बघितला. मग माझ्याकडे बघितलं. बाकी कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. मेमोवर त्यांनी सही केली, म्हणाले अर्ध्यातून उठून गेलो, चूक माझीच. संध्याकाळी सायकल काढताना त्यांनी मला एवढंच विचारलं, "सांगलीची मुलगी कशी हाय?"

"पसंत आहे," मी म्हणालो.

"झालं तर मग," म्हणाले आणि गेले. सोळा वर्षांत त्यानंतर एक शब्द नाही. मीही काढला नाही. आधी नोकरीची भीती होती, मग बढतीची, मग इतकी वर्षं झाली की आता कशाला असं वाटायला लागलं.

शुक्रवारी घरी बसून मी ते पान लिहिलं. भाषणाच्या पानांवर मी नंबर घातले होते, हे चार नंबरचं. मुजावरचे सगळे नियम पाळून लिहिलं. त्या गाडीत अडतीस चंद्र उलटे उगवले होते, असं लिहिलं. ते चंद्र काढणारा माणूस तेव्हा सांगलीला मुलगी बघत होता. मामांनी मेमो घेतला म्हणून त्याची नोकरी टिकली आणि नोकरी टिकली म्हणून लग्न झालं. तेव्हा माझ्या संसारात काही तडकलं तर तक्रार मामांकडेच करावी, असं लिहिलं. आणि शेवटी, मामांनी आयुष्यात जाणूनबुजून एकही तडकलेला नग पास केला नाही, एक मी सोडून, असं लिहिलं. ते सगळ्यात चांगलं पान झालं होतं. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "वाचा उद्या. नक्की वाचा." मी हो म्हणालो.

शनिवारी कँटीन भरलं होतं. पहिल्या बाकावर मामी नवी साडी नेसून बसल्या होत्या, शेजारी मुलगी, जावई आणि मांडीवर नातू. मामा शाल सावरत खुर्चीत अवघडून बसले होते. गद्रे साहेबांनी माझी ओळख करून दिली. ती त्यांनी कधी करून दिली नव्हती, पण नव्या धर्तीचं भाषण होणार हे त्यांच्या कानावर गेलं असावं. म्हणाले, खटावकरांच्या हातून आलेल्या कागदावर मी न वाचता सही करतो, सोळा-सतरा वर्षांत एक डाग नाही या माणसावर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पानं घेऊन माईकपाशी गेलो.

भाकरीपासून सुरुवात केली. बायाक्का पदराआड तोंड लपवून हसायला लागल्या आणि पुढे सगळं आपोआप होत गेलं. यंत्राच्या लंगड्या पायाला लोकांनी बाकं बडवली. मागची पोरं या वेळी ओठ हलवत नव्हती, कान देऊन ऐकत होती. सतरा कळशांवर मामींनी मामांकडे असं बघितलं की जावयालाही हसू आवरेना. मामा खाली मान घालून हसत होते, डोळे पुसत होते. तीन नंबरचं पान संपलं. मी ते खाली ठेवलं आणि चार नंबरचं वर आलं.

मी थांबलो. लोकांना वाटलं, हसू येईल म्हणून थांबलोय. गद्रे साहेब बाजूला बसून माझ्याकडे कौतुकाने बघत होते. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, पुण्याची गाडी," आणि सगळं कँटीन आधीच हसायला लागलं.

मी चार नंबरचं पान घडी करून खिशात घातलं. आणि पुण्याची गाडी सांगितली, जशी सगळे सांगतात तशी. गाडी पुणं बघून आली. मामांचा कान त्या दिवशी रजेवर होता. दिवसभरातलं सगळ्यात मोठं हसू त्याला मिळालं. मामाही हसले. हसता हसता त्यांनी मान तिरकी केली आणि माझ्याकडे बघितलं, नग वाजवल्यावर बघायचे तसं. मी पाच नंबरच्या पानावर गेलो.

त्या हसण्यात एकच बाई हसली नव्हती. जेवणं झाल्यावर गेटपाशी मामी माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, भाषण लई चांगलं झालं, असं कुणाचं झालं नसंल. मग जरा घुटमळल्या. "ते गाडीचं तेवढं आमाला म्हाईत न्हवतं. घरात कधी बोलले न्हाईत हे. मी आपली समजत होते, वरच्या लोकांनी अन्याव केला, म्हणून त्या साली बढती दिली न्हाई." त्यांनी जावयाकडे बघून हसल्यासारखं केलं.

आम्ही इतके दिवस दोन प्रश्न विचारून गोष्टी पारखल्या होत्या. घरच्यांसमोर सांगता येईल का, हा प्रश्न त्या एका गोष्टीला मी विचारलाच नाही.

मामा मागून आले. "खटावकर, तो कागद द्या मला. नातवाला मोठा झाला की वाचून दाखवीन." मी पानं दिली. त्यांनी ती सवयीने अंगठ्याने एकेक करून बघितली.

"एक, दोन, तीन, पाच," म्हणाले. "चार?"

"त्याच्यावर खाडाखोड झाली होती, मामा. नीट लिहून देतो."

"द्या सावकाश," ते म्हणाले. "मी आता रिकामाच हाय."

ते पान माझ्या वरच्या खिशात होतं. आमच्या दोघांत हातभर अंतर असेल.

नऊ वर्षं मी ते नीट लिहीत होतो असं म्हणू या. मामा त्यांच्या गावातच होते, वडणगे काही लांब नाही. दोनदा निघालोही, एकदा पंचगंगेच्या पुलावरून परत फिरलो. लग्नाकार्यात भेटायचे, बायकोची चौकशी करायचे, पान कधी मागितलं नाही. मग २०१८ च्या श्रावणात मुजावरचा फोन आला की मामा गेले.

दिवसकार्य झाल्यावर मी गेलो. मामी सोप्यात बसल्या होत्या, मी आलो तसं त्यांनी नातवाला आतून काहीतरी आणायला सांगितलं. पुठ्ठ्याच्या बांधणीचं एक छोटं पुस्तक होतं. माझं भाषण मामांनी बांधून घेतलं होतं. मी उघडलं. एक, दोन, तीन. मग एक कोरं पान, त्याच्या कोपऱ्यात पेनाने चार असा आकडा. मग पाच.

"हे मोकळं का म्हणून मी इचारलं होतं," मामी म्हणाल्या. "म्हणाले, ते खटावकरांचं पान हाय. आणतील. मी म्हटलं, काय हाय त्याच्यात? तर म्हणाले, ते त्यांनीच सांगायला पायजे."

मी खिशातून ते पान काढलं. घड्यांवर विरलं होतं. मामी म्हणाल्या, मला वाचता येत न्हाई, तुमीच वाचा. मी वाचलं. त्या कँटीनमध्ये जसं वाचायचं ठरलं होतं तसंच, थांबायचं तिथे थांबून. अडतीस उलटे चंद्र, सांगलीची मुलगी, मेमो, शेवटचं वाक्य.

मामींनी सगळं ऐकून घेतलं. मग मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या, संसाराची तक्रार मामांकडे करायची, त्या जागेवर.

"चांगलं लिवलंय," त्या म्हणाल्या. मग पुस्तकावरून हात फिरवत म्हणाल्या, "त्यांनी ऐकलं असतं तर लई हसले असते."